एक नमाज, दोन क्रम : रमजान ईद आणि बकरी ईद यांतला खरा फरक

#थ्रेड

१/ रमजान ईद शेवयांची आणि बकरी ईद मटणाची, अशी विभागणी मराठी समाजात सर्रास केली जाते. ती ताटापुरती खरी असली, तरी अर्थापुरती अपुरी आहे. या दोन सणांचा भेद पदार्थांत शोधण्यापेक्षा त्या सकाळच्या क्रमात शोधावा. ईदची नमाज दोन्ही दिवशी असते. प्रश्न इतकाच की, तिच्या आधी काय करायचे आणि नंतर काय.

२/ रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास, मदिनेत अनिवार्य झाले. महिना संपून शव्वालचा चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी ईद-उल-फित्र. ‘फित्र’ म्हणजे उपवास सोडणे. म्हणूनच या दिवशी नमाजला निघण्यापूर्वी काही खजूर खाऊन जाण्याचा प्रघात आहे. उपवास संपला, हे प्रार्थनेआधीच कृतीने सांगितले जाते.

३/ पण स्वतः खाणे पुरेसे नाही. नमाजपूर्वी ‘फित्रा’ द्यावा लागतो. मूळ प्रमाण माणशी एक ‘साअ’ खजूर किंवा जव. साअ म्हणजे मध्यम हाताच्या चार ओंजळी, सुमारे अडीच ते तीन किलो. घरातील तान्ह्या मुलाचाही फित्रा कर्त्या माणसाने द्यायचा. हनफी परंपरा त्याची किंमत रोखीने देऊ देते. शाफई परंपरा धान्यावर भर देते. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आहेत.

४/ या दानाची दोन प्रयोजने हदीसमध्ये सांगितली आहेत : रोजात हातून घडलेल्या फोल बोलण्याचे क्षालन आणि गरिबाच्या पोटाला अन्न. तेच दान नमाजनंतर दिले तर ते सर्वसाधारण दान ठरते, फित्रा नव्हे. कारण उघड आहे. ज्याच्या घरी त्या सकाळी दाणा नाही, त्याला दुपारी मिळालेले धान्य सणात सामील करून घेत नाही.

५/ आता ईद-उल-अजहा. ही जिल्हेज महिन्याच्या १० तारखेला येते. आदल्या दिवशी, ९ जिल्हेजला, हजयात्रेकरू अराफातच्या मैदानात उभे असतात. म्हणजे हा सण कोणाचा वैयक्तिक उपवास संपल्याचा नाही. तो हजशी आणि इब्राहीमच्या कथेशी जोडलेला आहे. पुत्राचा बळी देण्याची आज्ञा स्वप्नात झाली, पिता-पुत्र दोघेही तयार झाले आणि पुत्राऐवजी पशूचा बळी दिला गेला. कुराण त्या पुत्राचे नाव घेत नाही. मुस्लिम परंपरा बहुतेक इस्माईलचे नाव घेते.

६/ येथे सकाळचा क्रम उलटतो. नमाजपूर्वी न खाता जायचे, नमाज झाल्यावर कुर्बानी करायची आणि मग तिच्याच मांसाने खाण्यास आरंभ करणे उत्तम मानले जाते.

७/ या क्रमाचे महत्त्व बुखारीच्या हदीससंग्रहातील एका प्रसंगातून कळते. अबू बुर्दा नावाच्या सहकाऱ्याने नमाजआधीच बकरी कापली. आज खाण्यापिण्याचा दिवस, म्हणून आपण घाई केली, स्वतः खाल्ले, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना खाऊ घातले, असे त्याने सांगितले. पैगंबरांचा निर्णय असा की, ते केवळ मांस झाले, कुर्बानी झाली नाही. दुसरा पशू कापावा.

८/ या प्रसंगातच दोन ईदांचा भेद आहे. अबू बुर्दाचा हेतू वाईट नव्हता. शेजारी जेवले, घर जेवले. अन्न पोहोचवणे हेच सणाचे सार असते, तर त्याची बकरी मान्य व्हायला हवी होती. फित्र्यात उशीर दोषास्पद, कारण तिथे भुकेलेला माणूस वाट पाहत असतो. कुर्बानीत घाई दोषास्पद, कारण तिथे आज्ञापालन हेच मूळ कर्म आहे. मांस वा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती निष्ठा, असा कुराणाच्या २२ व्या अध्यायाचा आशय आहे.

९/ म्हणून ‘बकरी ईद म्हणजे गरिबांना मांस वाटण्याचा सण’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण अर्धवट वाटते. घर, आप्त आणि गरीब असे तीन वाटे करणे प्रशस्त मानले जाते, पण कुर्बानी ग्राह्य होण्याची ती अट नाही. वेळ मात्र अट आहे. उलट, फित्र्यात गरिबाचा वाटा हा गौण भाग नसून तेच संपूर्ण कर्म आहे.

१०/ दान दोन्हीकडे आहे आणि आज्ञापालनही दोन्हीकडे आहे; पण अग्रक्रम वेगळा. एका ईदला माणूस गरिबाचे देणे चुकते करून ईश्वरासमोर उभा राहतो. दुसरीला तो आधी ईश्वरासमोर उभा राहतो आणि तेथून परतल्यावर आपली वस्तू सोडतो.