लेबल छापता येतं, वजन छापता येत नाही

लॅपटॉपचा चार्जर बिघडला की हल्ली आधी फोटो येतात. ‘हा घेऊ का, सातशेला देतोय,’ असं विचारत गेल्या महिन्यात निपाणीच्या वहिनींनी असेच तीन फोटो पाठवले. मुलगा हुबळीला इंजिनिअरिंगला, परीक्षा तोंडावर. नव्या चार्जरवर मोठ्या अक्षरांत ९० वॉट छापलेलं आणि ब्रँडचं चिन्ह अगदी हुबेहूब. अशा वेळी मी चिन्हाकडे बघतच नाही. चिन्ह कुणीही छापतं. मी बारीक अक्षरांतली ‘आउटपुट’ची ओळ शोधतो.

या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. वहिनींच्या फोटोत १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर होते. गुणाकार केला तर ६५ येतात, ९० नव्हे. नव्वदसाठी ४.६२ अँपिअर हवेत. म्हणजे कुणीतरी पासष्टच्या लेबलवर मोठा आकडा बदलला आणि बारीक ओळ तशीच ठेवली. नकली लेबलात ही चूक फार वेळा सापडते, कारण छापणारा गुणाकार करत बसत नाही.

दुसरी खूण म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक. ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो घातला की कारखाना आणि वस्तूचा प्रकार दिसतो. वहिनींचा क्रमांक खरा निघाला, पण तो होता पॉवर बँकेचा! मात्र क्रमांक जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. अस्सल चार्जरवरचा क्रमांकही जसाच्या तसा उतरवता येतो.

मग मी पिनचा समोरून फोटो मागवला. अनेक चार्जरच्या गोल पिनच्या पोकळीत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातूनच लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. नकली पिनमध्ये ही सुई थोडी कलंडलेली असते, धातूच्या कडेला खरखर दिसते, आणि वायर जिथे पिनमध्ये शिरते तिथलं रबर सैल बसलेलं असतं. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी चार्ज होत नाही.

शेवटी मी विचारलं, ‘तूक एष्ट ऐति?’ वहिनी हसल्या, पण दुकानदाराला सांगून काटा लावलाच. भिंतीकडची वायर काढून, लेबल आणि काट्यावरचा आकडा एकाच फोटोत येईल असं ठेवायला सांगितलं होतं. मुलाचा जुना चार्जर ३७० ग्रॅम भरला, हा नवा २१५. हे दीडशे ग्रॅम गेले कुठे? आतला ट्रान्सफॉर्मर लहान, गोंगाट गाळणारी कॉइल गायब, तांब्याची तार बारीक. चार्जर तापतो, आणि २३० व्होल्टची बाजू लॅपटॉपच्या बाजूपासून पुरेशी लांब ठेवलेली नसेल तर जिवावर बेततं. पण तुलना त्याच मॉडेलशीच करा. नवे लहान चार्जर मुळातच हलके असतात, आणि काही नकलाकार वजन भरायला आत लोखंडाचा तुकडाही टाकतात.

बॅटरीलाही हाच गुणाकार चालतो. वहिनींना त्याच दुकानाने दाखवलेल्या बॅटरीवर ११.१ व्होल्ट, ५२०० मिलीअँपिअर-तास आणि ४८ वॉट-तास असं लिहिलं होतं. ५२०० म्हणजे ५.२, त्याला ११.१ ने गुणलं तर जवळपास ५८ येतात. ४८ हे ४४०० च्या बॅटरीचे. एक-दोनाचा फरक सोडून द्या, दहाचा नको. जुन्या लॅपटॉपच्या सहा सेलच्या बॅटरीत एकेक गोल सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसते सेलच २७० ग्रॅम. सगळी बॅटरी मिळून दोनशे ग्रॅम भरली, तर आत सेल कमी आहेत किंवा निकृष्ट आहेत.

फोटोवरून ‘हा नको’ हे सांगता येतं. ‘हा चांगला’ हे सांगता येत नाही, कारण आतलं काही दिसत नाही आणि फोटोतली वस्तूच हातात येईल याचीही खात्री नसते. म्हणून पार्सल आल्यावर तोच गुणाकार आणि तोच काटा पुन्हा लावायचा. वहिनींनी तो चार्जर घेतला नाही. मुलाने परीक्षेपुरता मित्राचा, त्याच मॉडेलचा चार्जर वापरला, आणि नंतर पक्क्या बिलावर कंपनीच्या सेवा केंद्रातून नवा आणला. पैसे दुपटीहून जास्त गेले. काट्यावर तो ३६५ ग्रॅम भरला.