फलटणचं मतदान अठरा दिवस पुढे गेलं, ते का?

2025 च्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या विटा, तासगाव, आष्टा इथल्या लोकांनी 2 डिसेंबरला मत दिलं. सातारा जिल्ह्यात मात्र फलटण आणि महाबळेश्वरचं मतदान ऐनवेळी 20 डिसेंबरवर गेलं. गावोगावी एकच चर्चा, "यात नक्कीच काहीतरी राजकारण आहे." मला ते तसं वाटत नाही. कारण मुळात तीन दिवसांचा हिशोब होता, तो नीट समजून घेऊ.

छाननीत एखाद्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, किंवा मंजूर झालेल्या अर्जावर कुणाचा आक्षेप असला, तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. निकाल लागला की उमेदवारांना माघार घ्यायची की नाही हे ठरवायला तीन दिवस मिळायला हवेत. समजा आपल्या प्रभागात चार जण उभे आहेत आणि न्यायालयाने पाचव्याचा अर्ज मंजूर केला. आता जुन्या चौघांचंही गणित बदललं. एखाद्याला वाटेल, मतं फुटतील, त्यापेक्षा आपण थांबावं. तो विचार करायलाच ही मुदत असते. ती संपल्यावर चिन्हं वाटायची.

यावेळी जिथे अपील होतं तिथे माघारीची शेवटची तारीख 25 नोव्हेंबर होती आणि चिन्हवाटप 26 ला होतं. म्हणजे अपिलाचा निकाल 22 पर्यंत लागला तर तीन दिवस बसतात. त्यानंतर लागला तर बसत नाहीत. मुलांना वजाबाकीचं उदाहरण म्हणून घालावं इतकं हे सोपं आहे! तरी काही ठिकाणी निकाल उशिरा लागूनही ठरल्या दिवशी चिन्हं वाटली गेली. राज्य निवडणूक आयोगाने हे नियमबाह्य ठरवलं आणि तिथला कार्यक्रम नव्याने दिला. काही गावांत फक्त त्या प्रभागाची जागा पुढे गेली. पण वाद नगराध्यक्षपदाचा असेल तर सगळ्या शहराचंच मतदान पुढे ढकलावं लागलं, कारण ते पद सगळं शहर मिळून निवडतं.

चूक लपवून मतदान उरकता आलं असतं. पण मग हरलेला उमेदवार कोर्टात गेला असता आणि निवडून आलेल्याच्या खुर्चीवर पुढे कितीतरी महिने टांगती तलवार राहिली असती. म्हणून माझ्या मते आयोगाचा निर्णय बरोबरच होता. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. चिन्हवाटप 26 ला झालं आणि निर्णय आला 29 ला, मतदानाच्या तोंडावर. हिशोब तर 23 तारखेलाच मांडता आला असता. उमेदवारांची पत्रकं छापून झाली होती, आम्हा शिक्षकांच्या ड्युट्या लागल्या होत्या. आणि विटा-तासगावचं काय? तिथली मोजणी 3 डिसेंबरला होती. पण एका गावाच्या निकालाचा दुसऱ्या गावाच्या मतदानावर परिणाम नको, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी 21 डिसेंबरला घ्यायला सांगितली. चूक केली कुणी आणि थांबावं लागलं कुणाला, बघा!

आता मतदार यादीचं. पुष्कळ पालक मला विचारतात, "सर, नगरपालिकेच्या यादीत नाव नाही, राज्य आयोग काय करतो?" खरं सांगायचं तर या बाबतीत त्याचे हात बांधलेले आहेत. यादी भारत निवडणूक आयोगाची, विधानसभेची. राज्य आयोग ती घेतो आणि प्रभागांत वाटतो. या वेळी 1 जुलै 2025 ची यादी घेतली होती. त्यात नवीन नाव घालायचा किंवा मूळ नाव काढायचा अधिकार त्याला नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव मात्र हरकत घेतली की दुरुस्त होतं.

मग दुबार नावांचं काय केलं? नावापुढे दोन तारे छापले. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार हे आधी कळवायचं. कळवलं नसेल तर केंद्रावर लेखी द्यायचं, की दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणारही नाही. काहींना ही पळवाट वाटली. मला ती अधिकाराच्या चौकटीतली सगळ्यात जवळची वाट वाटते. तारा आहे म्हणून नाव कापलं असतं, तर एकाच नावाचे दोन खरेखुरे माणूस आपल्या गावात किती असतात ते आठवा. माझ्याच वर्गात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे आहेत. हजेरी घेताना मी वडिलांचं नाव लावून हाक मारतो.

उणीव एवढीच, की लेखी दिलेलं खरं आहे का हे त्या केंद्रावरच्या माणसाला त्याच क्षणी कळत नाही. त्याच्यासमोर फक्त त्याच्या केंद्राची यादी असते. म्हणून तारे लागलेल्या नावांची घरी जाऊन चौकशी मतदानाच्या बरीच आधी व्हायला हवी. आणि आपणही प्रारूप यादी लागते तेव्हाच ती वाचायला जायला हवं. हरकतीची मुदत तेव्हाच असते, मतदानाच्या दिवशी नाही.