आधी पाठवणारा वाचा, मग मजकूर

बँकेचा इंग्रजी संदेश वाचून दाखवणे हे आपल्या मोहल्ल्यात किरकोळ काम समजले जाते. बारावी झालेली मुलगी, झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा, ज्याला चार अक्षरे येतात तो कोणीही ते करतो. माझ्याकडेही असे स्क्रीनशॉट नेहमी येतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे. नुसत्या शब्दांचे भाषांतर करून देणारा माणूस नकळत ठगाचे उरलेले काम पुरे करतो. आणि ही पाळी लोकांवर आणणाऱ्या बँकाही या दोषातून सुटत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. शेजारच्या खालांच्या खात्यावर आखातातल्या मुलाकडून दरमहा पैसे येतात. त्यांनी व्हॉट्सअॅपवर आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट मला पाठवला आणि विचारले, "बेटा, इसमें क्या लिखा है?" मजकूर असा होता: "डिअर कस्टमर, युवर अकाउंट विल बी ब्लॉक टुडे. अपडेट युवर पॅन कार्ड इमिजिएटली. डू नॉट शेअर ओटीपी विथ एनीवन." खाली एक लिंक होती. बँकेचे नाव आणि शेवटचा भाग मी मुद्दाम बदलून देतो:

```
mybank.bank.in.kyc-update.example/pan
```

याचे सरळ मराठी असे होईल: "प्रिय ग्राहक, आपले खाते आज बंद करण्यात येईल. कृपया पॅनकार्डाची माहिती त्वरित अद्ययावत करावी. ओटीपी कोणालाही देऊ नये." भाषांतर म्हणून यात काही चूक नाही, आणि घात तिथेच आहे. मूळ इंग्रजी मोडके होते, मराठी मात्र सरकारी पत्रासारखे नीटनेटके झाले. "ओटीपी देऊ नका" हे ठगाने बँकेकडून उसने घेतलेले वाक्य मराठीत आणखीच भारदस्त झाले. संशयाची जागा आपणच लिंपून टाकली आणि खालांच्या हाती फक्त भीती दिली. शिवाय मोडक्या भाषेवर फार विसंबूही नका. आता ठग शुद्ध इंग्रजी लिहितात आणि शुद्ध मराठीही.

म्हणून वाचायला सुरुवात वरून करा. संदेश कोणी पाठवला? स्क्रीनशॉटमध्ये तो भाग कापला गेला असेल तर तो पुन्हा मागवा, पण मूळ संदेश फॉरवर्ड करायला सांगू नका. चित्रातली लिंक दाबली जात नाही, फॉरवर्ड केलेली दाबली जाते. बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो `VM-ABCBNK-S` अशा धाटणीच्या नावाने येतो. शेवटी `S` असेल तर सेवेचा संदेश, `T` व्यवहाराचा, `P` जाहिरातीचा आणि `G` सरकारी. खालांचा संदेश साध्या मोबाइल नंबरावरून आला होता आणि वर चित्र तेवढे बँकेच्या चिन्हाचे होते. ते चित्र कोणीही लावू शकतो. मात्र याला एक मर्यादा आहे. नाव चुकीचे असेल तर संदेश खोटा धरा, पण नाव बरोबर दिसते म्हणून तो खरा ठरत नाही.

मग लिंक. इंग्रजी वाचणारा माणूस ती डावीकडून वाचतो, आणि ठगाला तेच हवे असते. डावीकडे बँकेचे नाव दिसले की डोळा तिथेच थांबतो. वेबचा पत्ता उर्दूसारखा उजवीकडून वाचावा लागतो. `https://` असेल तर तेवढे सोडून द्या. पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवा आणि तिथून डावीकडे या. रेघेला चिकटलेले शेवटचे दोन तुकडे पाहा: `kyc-update.example`. घराचा खरा मालक हा. त्याच्या डावीकडे काय लिहायचे ते मालकाच्या मर्जीवर असते. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांसाठी `.bank.in` हा राखीव शेवट ठरवला आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जाण्याची मुदत दिली. पण `bank.in` हे पत्त्याच्या अगदी शेवटी असले तरच त्याला अर्थ आहे. खालांच्या लिंकमध्ये ते मधे होते.

तिसरी गोष्ट म्हणजे संदेश काय करायला सांगतो. "आजच खाते बंद" ही धमकी नियमाला धरून नाही. केवायसी पुन्हा करायची असेल तर मुदतीआधी बँकेने किमान तीन वेळा कळवावे आणि त्यातले एकदा तरी टपालाने पत्र पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये सांगितले आहे. एका दिवसाची घाई ठगाला असते. लिंकऐवजी `.apk` ने संपणारी फाइल आली असेल तर प्रकरण अधिक गंभीर आहे. ते अॅप बसवून एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी कोणाला सांगावाही लागत नाही. तो आपोआप ठगाकडे जातो.

उत्तर देतानाही क्रम पाळा. मी खालांना आधी भाषांतर सांगितले नाही. "हा संदेश बँकेचा नाही, काही दाबू नका," हे पहिले वाक्य. "काही दाबलं का, कुठलं अॅप टाकलं का?" हे दुसरे. मजकुराचा अर्थ त्यानंतर. दाबले असते तर त्या फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून 1930 या क्रमांकावर तक्रार करायची. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा, संदेशातून कधीच नाही.

आता बँकांकडे वळू. खातेदारांना लागणारे छापील कागद, म्हणजे खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्याच्या स्लिपा, पासबुक, हे इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तिन्ही भाषांत द्यावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना जुनी आहे. मग पासबुकाची जागा घेणारा एसएमएस माझ्याकडे इंग्रजीतच का येतो? त्यामागे हिशेब आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात, देवनागरीत 70. तोच मजकूर मराठीत पाठवला तर दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात. कर्जाची जाहिरात मराठीत करताना हा खर्च जड जात नाही. धोक्याची सूचना देताना जड जातो.

हा वाचवलेला पैसा शेवटी कोण भरतो तेही पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतरचे बँकेचे. नियम ग्राहकाच्या निष्काळजीपणाबद्दल बोलतो. पण ज्या भाषेत सावध केले ती भाषाच जिला येत नाही, तिला निष्काळजी कसे म्हणायचे? मराठी संदेश आले म्हणून ठगी थांबेल असे मी म्हणत नाही. पण खरा संदेश दरमहा आपल्या भाषेत वाचणाऱ्या बाईला खोटा संदेश निदान वेगळा वाटेल. आज तिला दोन्ही सारखेच परके आहेत.

खाते उघडताना संदेशाची भाषा विचारणारा एक रकाना अर्जात असावा आणि त्याचे जास्तीचे पैसे ग्राहकाकडून घेऊ नयेत, एवढीच मागणी आहे. ती प्रत्येकाने आपल्या शाखेत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आणि तोपर्यंत, वस्तीत भाषांतर करून देणाऱ्या मुलामुलींनो, पहिले बोट मजकुरावर नव्हे, पाठवणाऱ्याच्या नावावर ठेवा.