दोघांत मिळून एकच भेट

मागल्या भाऊबीजेची गोष्ट. माझी मावसबहीण बोईसरला राहते. यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाच. धाकटीला जन्मापासून कमी ऐकू येते, म्हणून दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. थोरल्याने खाऊचे पैसे साठवून पालघरच्या दुकानातून तिच्यासाठी बोलके अस्वल आणले. पोट दाबले की ते गाणे म्हणे. धाकटीने दोनदा दाबले, हसली आणि बाजूला ठेवून दिले. बिचाऱ्या पोराचा चेहरा पडला.

चूक त्याची नव्हती. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण चश्म्याने जसे स्वच्छ दिसते, तसे त्याने सगळे स्वच्छ ऐकू येतेच असे नाही. राहिलेले मूल समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि हातवाऱ्यांवरून भरून काढते. अस्वलाचे ओठ हलत नाहीत आणि ते उत्तराची वाटही पाहत नाही. शिवाय ते खेळणे एकट्यानेच दाबायचे. मग दादा काय करणार?

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. ऐकणारे मूल सोंगटीकडे बघता बघता दादाचे बोलणेही ऐकते. कमी ऐकणाऱ्या मुलाला मात्र आधी वस्तू आणि मग चेहरा असे पाळीपाळीने पाहावे लागते. म्हणून ज्या खेळात मध्ये थांबावे लागते आणि डाव फिरतो, तो त्याच्या सोयीचा. सापशिडी चालते, चित्रांच्या जोड्या चालतात. अंताक्षरीत मात्र ते मूल इतरांकडे पाहून नुसते टाळ्या पिटते.

आम्ही मग जोड्यांचाच खेळ घरी केला. आजी, चिकू, आगगाडी, चिंचणीचा समुद्र, दादाची सायकल असे बारा फोटो निवडले. प्रत्येकाच्या दोन प्रती काढून पुठ्ठ्यावर चिकटवल्या, म्हणजे चोवीस पत्ते झाले. सुरुवातीला सहाच जोड्या पालथ्या मांडल्या.

पहिला डाव फसला. थोरला खाली मान घालून पत्ते उलटी आणि ओरडून नावे सांगे. धाकटी प्रत्येक गोष्टीला मान डोलवू लागली. ही खूण ओळखून ठेवा. मूल सगळ्यालाच ‘हो’ म्हणते किंवा दुसरे हसले की मागाहून हसते, तेव्हा त्याला काही कळलेले नसते. ओरडण्याचाही उपयोग नाही, कारण त्याने शब्द स्पष्ट होत नाही आणि ओठांचा आकार मात्र बिघडतो.

मग दोन नियम केले. पत्ता उलटला की तो हनुवटीजवळ धरायचा, बहिणीचे डोळे वर येईपर्यंत थांबायचे आणि मग नेहमीच्या आवाजात नाव सांगून हाताने खूण करायची. खूण हवीच, कारण ‘पान’ आणि ‘मान’ म्हणताना ओठ सारखेच दिसतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश काढला. तो मोबाइलवर पाहून थोरला रोज दोन खुणा शिकला. दुसरा नियम चुलतभावंडे जमली तेव्हाचा. ज्याचा डाव, त्याच्या हाती लाकडी भोवरा. त्यामुळे कोणाकडे बघायचे हे धाकटीला शोधावे लागत नाही.

बसण्याची जागाही पाहावी लागते. समोरासमोर, हातभर अंतरावर बसावे. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा, म्हणजे खिडकीकडे पाठ धाकटीची. पणत्यांच्या उजेडात ओठ दिसत नाहीत, तेव्हा दिवाळीतही खेळताना मोठा दिवा लावावा. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून खाली सतरंजी अंथरावी.

या खेळाने कान सुधारत नाहीत. त्यासाठी ही मंडळी विरारला गाडी बदलून वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणीला जातात आणि वाणीचे धडेही चालूच आहेत. फोटोंचा खेळ त्या धड्यांना जोडीदार, इतकेच.

परवा गेले तेव्हा चोवीसही पत्ते मांडलेले होते. धाकटीने भोवरा घेतला, आजीचा पत्ता हनुवटीला लावला आणि दादा वर बघेपर्यंत थांबली. त्या डावात ती सात जोड्या जिंकली. थोरला कुरकुरत होता, “मावशी, ही पत्त्यांच्या जागा पाठ करते!”

तेव्हा यंदा दुकानात खेळणे हाती घेतलेत, तर ते काय बोलते हे पाहू नका. ते मध्ये ठेवल्यावर भावंडे एकमेकांकडे बघतील का, हे पाहा.