नोटिशीच्या उत्तरातलं जास्तीचं वाक्य

गिरगावातल्या चाळीत पागडीची खोली. मालकाच्या वकिलाची नोटीस येते: खोली सहा महिन्यांहून अधिक काळ बंद आहे, शिवाय तुम्ही ती पोटभाड्याने दिली आहे, ताबा सोडा. घरात संताप उसळतो आणि त्याच भरात उत्तर लिहिलं जातं. कल्पनेतला, पण नेहमी दिसतो तसा एक मसुदा घेऊ: 'छप्पर गळतं म्हणून आम्ही दीड वर्ष बदलापूरला मुलाकडे आहोत. खोलीत पुतण्या राहतो, महिन्याला थोडे पैसे देतो. त्यात तुमच्या बापाचं काय जातं?'

बापाचा उल्लेख वकील खोडतोच. उद्धट उत्तर पुढे न्यायाधीशांसमोर निशाणी होऊन येतं, हे त्याला ठाऊक असतं. आधीची दोन वाक्यं मात्र खरी असल्यामुळे तशीच राहतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 नुसार, दाव्याच्या लगतपूर्वी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरली नसेल, किंवा बेकायदा पोटभाडेकरू ठेवला असेल, तर मालकाला ताबा मागता येतो. हे शाबीत करायची जबाबदारी मुळात त्याची. इथे पुतण्या राहतो म्हटल्याने जागा वापरात नसल्याचा आरोप सैल पडतो, पण पैशांच्या उल्लेखाने पोटभाड्याचा आवळतो. कबुली हा अंतिम पुरावा नसतो, तिचा खुलासा करता येतो. पण उलटतपासणीत तो गळी उतरवणं फार अवघड.

वर 'हक्क अबाधित राखून' लिहिलंय ना, असं काही जण म्हणतात. ते शब्द तडजोडीच्या बोलण्याला आडोसा देतात. आरोपाला दिलेल्या उत्तरातली कबुली त्यांनी पुसली जात नाही.

म्हणून खोटं लिहायचं का? मुळीच नाही. पुतण्या पैसे देत असेल तर 'देत नाही' लिहिणं हा दुसरा खड्डा, बँकेचं पासबुक तो दाखवून देतं. आधी विचारावं, पैसे कशाचे? विजेच्या बिलाचा वाटा असेल तर बिलं जुळवून तसंच लिहावं. भाडंच असेल तर खटल्याची दिशा वकिलाशी बोलून ठरवावी, पत्रातून नव्हे. छप्पर गळणं मात्र लपवू नये, ते वाजवी कारण ठरू शकतं. मालकाला किंवा म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला केलेल्या अर्जाची तारीख हवी, आणि ती घर सोडण्याच्या आधीची असेल तर उत्तम. 'दीड वर्ष' हा अंदाज असेल तर तो कागदावर येऊच नये.

शेवटची चाळण भाषेची. उत्तर बहुधा इंग्रजीत जातं. पक्षकार म्हणतो 'पुतण्या राहतो', मसुद्यात उतरतं की पुतण्या 'एक्स्क्लुझिव्ह पझेशन'मध्ये आहे. पोटभाड्याच्या दाव्यात न्यायालय नेमका हाच स्वतंत्र ताबा शोधत असतं. सहीआधी असा मसुदा ओळीओळीने मराठीत वाचून दाखवला की पक्षकार मध्येच थांबवतो, ''ताबा? अहो, एक चावी माझ्याकडे आहे. आमचं कपाट, देव, सगळं तिथंच आहे.''