निरोप लपवू नये आणि लांबवूही नये

अमेरिकेतील मराठी कुटुंबातील पाच वर्षांचे मूल किंडरगार्टनमध्ये जाण्याचे दिवस जवळ आले की पालकांना परस्परविरोधी वाटणारे दोन सल्ले हमखास मिळतात. मूल खेळात रमले की आईवडिलांनी हळूच काढता पाय घ्यावा, असे एक पक्ष सांगतो, तर मुलाचे रडे पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहावे, असे दुसरा सांगतो. पहिल्यात व्यवहारीपणा दिसतो आणि दुसऱ्यात माया दिसते, परंतु दोन्हींची उणीव एकच आहे. पहिल्या सल्ल्याने निरोप मुलापासून लपवला जातो आणि दुसऱ्याने तो कधी पुरा होत नाही, त्यामुळे आई उघडपणे सांगून गेली, काही काळ नव्हती आणि ठरल्याप्रमाणे परत आली, हा अनुभव मुलाच्या वाट्याला सलगपणे येतच नाही. हा अनुभव शाळेच्या दारात, पंचवीस अनोळखी मुलांसमोर पहिल्यांदा देण्याऐवजी घरी, छोट्या मात्रेत आणि आधीपासून द्यावा, असे येथे प्रतिपादन आहे.

जवळच्या माणसापासून दूर होण्याच्या प्रसंगी किंवा नुसत्या त्या कल्पनेने मुलाला वाटणाऱ्या भीतीला मानसशास्त्रात वियोगचिंता म्हणतात. ती साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, दीड वर्षापर्यंत तीव्र असते आणि पुढे ओसरत जाते. हा विकार नसून वाढीचा एक टप्पा आहे. पाचव्या वर्षी शाळेच्या निमित्ताने ती पुन्हा डोके वर काढते, यातही नवल नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी वियोगावरील आपल्या १९७३ सालच्या ग्रंथात मांडलेला एक मुद्दा येथे विशेष उपयोगी पडतो. मुलाचा निर्धास्तपणा आईवडील या क्षणी शेजारी आहेत की नाहीत एवढ्यावरच ठरत नाही. गरज पडली तर ते उपलब्ध होतील, याबद्दल मुलाला असलेल्या खात्रीवर तो अवलंबून असतो. हे मान्य केले की हळूच सटकण्यातला तोटा उघड होतो. त्या दिवसापुरते रडे टळते, पण आई न सांगता नाहीशी होऊ शकते हे मुलाला कळते, आणि मग ते खेळता खेळताही दाराकडे लक्ष ठेवू लागते.

दुसऱ्या सल्ल्याचे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या वर्तनानंतर मिळणाऱ्या फळामुळे ते वर्तन बळावते, या प्रक्रियेला प्रबलन असे नाव आहे. मूल रडते, आई थांबते आणि दोघांनाही तत्काळ हायसे वाटते. मुलाची भीती क्षणभर मिटते आणि आईच्या मनातली अपराधी भावनाही. म्हणजे बळकटी एकट्या रडण्याला मिळत नाही, आईच्या थांबण्यालाही मिळते. मुलाची भीती टाळण्यासाठी घरच्यांनी आपला नित्यक्रम वाकवत जाणे, उदाहरणार्थ त्याच्याशेजारी झोपणे किंवा स्नानगृहाचे दार उघडे ठेवणे, याला या क्षेत्रातील अभ्यासक कौटुंबिक तडजोड म्हणतात. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत चिंताग्रस्त मुलांच्या एका गटात उपचार केवळ पालकांवर केले गेले आणि त्यांना अशा तडजोडी कमी करण्यास शिकवले गेले. ज्या मुलांवर थेट उपचार झाले त्यांच्याइतकीच सुधारणा या गटातही आढळली. ती मुले ७ ते १४ वर्षांची होती, म्हणून पाच वर्षांच्या मुलाबाबत तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण सराव मुलाइतकाच पालकाचाही असतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते, आणि पालकांना ती बहुधा रुचत नाही.

या सरावाचे तत्त्व जुने आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या, तीन वर्षांच्या आतल्या एका मुलाची भीती घालवली, ती मूल आवडीचे खात असताना ससा हळूहळू जवळ आणत जाऊन. भीतीला सोसवेल अशा पायऱ्यांनी सामोरे जाण्याची ही पद्धत वियोगचिंतेलाही लागू पडते; येथे सशाच्या अंतराऐवजी आईच्या अनुपस्थितीचा काळ आणि तिचे अंतर मोजायचे असते.

उदाहरण म्हणून न्यू जर्सीतील एका पाच वर्षांच्या मुलीची कल्पना करावी. पर्यटक व्हिसाच्या सहा महिन्यांच्या मुदतीत तिला सांभाळणारी आजी जुलैच्या आरंभी पुण्याला परतली. विमान रात्रीचे असल्याने मुलगी झोपेत असतानाच आजी निघाली, रडारड नको म्हणून तिला उठवले नाही, आणि सकाळी आजीचा पलंग रिकामा होता. तेव्हापासून मुलगी आईच्या मागे खोलीखोलीतून फिरते. शाळा लेबर डेनंतर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार आहे. म्हणजे हाताशी आठ आठवडे आहेत, पण एक लपवलेला निरोप आधीच खाती जमा झालेला आहे, आणि म्हणूनच पहिली पायरी लहान हवी.

आईने इमारतीच्या खालच्या पत्रपेटीपर्यंत जाऊन यावे आणि तेवढा वेळ बाबांनी मुलीजवळ थांबावे. (सरावासाठीही मुलाला घरात एकटे ठेवू नये, ते धोक्याचे आहे आणि अनेक ठिकाणी कायद्याने अडचणीचेही.) निरोपाचे वाक्य असे असावे: “मी खाली पत्रं घेऊन येते. तू बाबाबरोबर तुझी छोटी पोळी लाट. ती तव्यावर टाकायच्या आत मी वर आलेली असेन.” या वाक्यात तीन गोष्टी आहेत: आई कोठे जाते, तोवर मुलीने काय करायचे, आणि आई कोणत्या घटनेच्या वेळी परतेल. पाच वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटे’ हे माप कळत नाही, पण पोळी लाटून होणे कळते. यानंतर दोघींमधील एक ठरलेली खूण, समजा तळहातावर तळहात टेकवणे, एकदाच व्हावी आणि आईने बाहेर पडावे. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत उरकावे. दारातून वळून पाहणे, “आता नक्की जाऊ ना?” असे विचारणे किंवा आणखी एक पापा घेणे, यांमुळे जाणे अजून ठरलेले नाही असे मुलाला वाटते आणि ते वाटाघाटीला बसते.

मूल रडले तर आईने मध्येच परत येऊ नये, हा या सरावातील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. कधी परतणे आणि कधी न परतणे अशी अनियमितता रडणे सर्वाधिक चिवट करते, कारण पुरेसे जोरात रडले तर आज जमेल ही आशा शिल्लक राहते. म्हणून पायरी जड गेलेली दिसली तर चालू पायरी तोडू नये; पुढच्या वेळी ती लहान करावी, म्हणजे पत्रपेटीऐवजी बंद दाराआडच्या खोलीपर्यंतच जावे. परतल्यावर “रडलीस का?” हा प्रश्न विचारू नये, पोळी कशी झाली ते विचारावे. जाण्याआधी “मी गेल्यावर काय होईल असं तुला वाटतं?” आणि आल्यावर “मग काय झालं?” असे दोन प्रश्न विचारणे मात्र उपयोगी ठरते, कारण भीतीने केलेले भाकीत आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांतील तफावत मुलाच्या स्वतःच्या तोंडून बाहेर येते.

एक पायरी दिवसातून एकदोनदा, तीनचार दिवस करावी आणि ती सहज होऊ लागली की पुढची घ्यावी: आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे, मग ओळखीच्या घरी मुलीला अर्धा तास ठेवणे, मग त्याच घरी जेवणापर्यंत ठेवणे, आणि ऑगस्टच्या शेवटी रोज सकाळी ठरलेल्या वेळी शाळेपर्यंत चालत जाऊन परतणे. प्रगती कोठे मोजायची, याबाबत पालक बहुधा फसतात. दारातले रडणे सर्वांत शेवटी थांबते. आधी बदलतो तो आई गेल्यानंतर शांत होण्यास लागणारा वेळ, आणि तो आईला दिसत नसतो. तो बाबांनी किंवा शेजारणीने पाहून सांगावा. पंधरा मिनिटांचे चार मिनिटांवर आले असेल तर दारातला आक्रोश पूर्वीइतकाच असला तरी सराव लागू पडत आहे. शाळेतही शिक्षिकेशी आधी बोलून मुलीला वर्गात शिरताच करायचे एक काम, जसे डबा खणात ठेवणे, नेमून घ्यावे, म्हणजे ‘तोवर काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तर तेथेही तयार असते.

सराव नीट होऊनही शाळेचे रडणे कायम राहिले, तर निदान तपासून पाहावे. मुलगी ओळखीच्या घरी आईवाचून तासभर सुखाने खेळते, रात्री वेगळी झोपते, आणि अस्वस्थ होते ती केवळ शाळेच्या नावाने, असे असेल तर अडचण वियोगाची नसून शाळेची असण्याचा संभव अधिक. घरात निव्वळ मराठी बोलणाऱ्या मुलाला शू लागली, तहान लागली किंवा पोट दुखते हे शिक्षिकेला इंग्रजीत सांगता येत नाही, आणि ही धास्ती आईला बिलगण्याच्या रूपानेच बाहेर पडते. तेथे निरोपाच्या पायऱ्यांपेक्षा ती चारपाच वाक्ये घरी घोटून घेणे आणि शाळेचे शौचालय आधी पाहून येणे जास्त कामाचे. मराठी बोलणे सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही सांगून ठेवलेले बरे.

याउलट भीती सर्वत्र पसरलेली असेल तर घरगुती सरावाची मर्यादा ओळखावी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत वियोगचिंता विकारासाठी ठरवलेल्या आठ लक्षणांपैकी किमान तीन, मुलांमध्ये किमान चार आठवडे टिकलेली असावीत आणि त्यांनी दैनंदिन जीवनात अडथळा आणलेला असावा, असे निकष आहेत. आईबाबांना काही होईल ही सततची काळजी, एकटे झोपण्यास नकार, ताटातुटीची दुःस्वप्ने, आणि शाळेच्या सकाळी उठून रविवारी न उठणारी पोटदुखी ही त्यांतील ठळक लक्षणे. अशा वेळी प्रथम बालरोगतज्ज्ञांना आणि त्यांच्यामार्फत बालमानसशास्त्रज्ञांना भेटावे. घरात नुकताच मृत्यू, घटस्फोट किंवा अपघात झाला असेल तर चार आठवडे मोजत बसू नये.

जमलेला निरोप पुन्हा बिघडतो, तो बहुधा सोमवारी, आजारपणानंतर, आणि परदेशस्थ कुटुंबांत विशेषतः भारतातील सुटीनंतर. महिनाभर आजी, काका आणि भावंडांच्या गराड्यात राहिलेले मूल जानेवारीत शाळेच्या दारात पुन्हा आईला घट्ट धरते. अशा वेळी सगळा सराव आरंभापासून करण्याची गरज नसते. दोनतीन दिवस एक पायरी खाली उतरून तेच वाक्य आणि तीच खूण वापरली की बहुतेक मुले पूर्वपदावर येतात. आणि भारतातून निघतानाही विमान मध्यरात्रीचे असले तरी आजीचा निरोप संध्याकाळीच, मूल जागे असताना, पुढच्या व्हिडिओ कॉलचा वार सांगून घ्यावा.