पाळी मोकळी, वरचा कान लाल

गणपतीच्या आधीचे दोन महिने पेणमध्ये कार्यशाळांचे असतात आणि सराफांच्या दुकानांतही गर्दी असते. पेण काय, रोहा काय, सणासाठी कान टोचून घेणाऱ्यांत आता लहान मुलांबरोबर महाविद्यालयीन मुलेमुलीही दिसतात. त्यांना पाळीत दुसरे भोक नको असते. मुलींना बुगडीसाठी आणि मुलांना भिकबाळीसाठी कानाचा वरचा भाग टोचून हवा असतो. दोन्ही दागिने आपल्याकडे जुनेच आहेत, त्यामुळे हौसेबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र पाळी टोचणे आणि वरचा कान टोचणे या वैद्यकीयदृष्ट्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक टोचणाऱ्याला, टोचून घेणाऱ्याला व पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरला माहीत नसेल तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

पाळीत चरबी आणि मऊ ऊती असतात आणि त्यांत रक्तवाहिन्या भरपूर असतात. तिथे जंतू शिरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी लगेच पोहोचतात आणि पोटात घेतलेले औषधही पोहोचते. म्हणून पाळी पिकली तरी स्वच्छता, मलम आणि गरज पडल्यास साध्या गोळ्यांनी ती बहुतेक वेळा बरी होते. कानाच्या वरच्या भागाला आकार देते ती कूर्चा. कूर्चेत एकही रक्तवाहिनी नसते. तिच्या दोन्ही बाजूंना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेले असते आणि त्या आवरणातल्या रक्तातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. हे आवरण सुजते त्या आजाराला डॉक्टर पेरिकाँड्रायटिस म्हणतात.

या आजारातले खरे नुकसान पुवामुळे होते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की आवरण कूर्चेपासून सुटते आणि कूर्चेचे पोषण थांबते. आधीच रक्त नसलेला हा भाग मग मरू लागतो, आणि मेलेल्या कूर्चेत जंतूंना आयता आसरा मिळतो. औषध रक्तातून येते. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे ते पुरेशा प्रमाणात कसे पोहोचणार? कूर्चा विरघळली की कानाचा कणा जातो. जखम भरली तरी कान आक्रसतो आणि गाठाळ होतो. तो पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया अवघड असते आणि हुबेहूब पहिला कान क्वचितच परत मिळतो.

दुसरी अडचण जंतूंची आहे. पाळी पिकते ती बहुधा त्वचेवरच्या नेहमीच्या जंतूंमुळे. वरच्या कानात मात्र स्यूडोमोनास हा जंतू वारंवार सापडतो. त्याला ओल लागते. मोरीचे पाइप, साठवलेले पाणी, ओले स्पंज यांत तो सुखाने राहतो. जखमेसाठी सर्रास लिहून दिली जाणारी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची किंवा सेफॅलेक्सिनची गोळी त्याच्यावर चालत नाही. पोटातून घेण्याच्या औषधांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे त्याच्यावर काम करतात. वाढत्या वयाच्या मुलांना ती जपून द्यावी लागतात, म्हणून ती दुकानातून स्वतःच्या मनाने आणून घेण्याची नव्हेत. चुकीची गोळी चालू असताना रुग्णाला वाटते की उपचार सुरू आहेत, आणि तेवढ्या दिवसांत पू पसरत राहतो.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, याची नीट तपासलेली नोंद अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आहे. 2000 साली तिथल्या दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर कान टोचून घेतलेल्यांमध्ये अचानक असे संसर्ग दिसू लागले. आरोग्य खात्याने त्या काळातल्या 118 ग्राहकांची, म्हणजे 186 भोकांची माहिती काढली. 7 जणांना स्यूडोमोनासचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले आणि आणखी 18 जणांबाबत संशय होता. सिद्ध झालेले सगळे रुग्ण 10 ते 19 वर्षांचे होते. पाळीपेक्षा वरचा कान टोचलेल्यांना धोका स्पष्टपणे जास्त होता. बहुतेकांना सुरुवातीला मिळालेली प्रतिजैविके या जंतूवर निरुपयोगी होती. चौघांना रुग्णालयात दाखल करावे लागले, चौघांचा पू चिरा देऊन काढावा लागला आणि काहींचे कान विद्रूप झाले. जंतू कुठून आला? तो स्टॉलच्या बेसिनमध्ये आणि जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीतही सापडला. जी बाटली जंतू मारण्यासाठी ठेवली होती, तिच्यातच तो वाढत होता. ही चौकशी 2004 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

इथे साहजिक प्रश्न येतो की कान टोचण्याची बंदूक वाईट आणि सोनाराची सुई चांगली, एवढ्यावर भागेल का? बंदुकीचा प्लास्टिकचा सांगाडा उच्च दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही, हा तिच्याविरुद्धचा मुद्दा रास्त आहे. पण नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मृतांच्या कानांवर वेगवेगळ्या बंदुका आणि सुई वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कूर्चेला होणाऱ्या इजेत फारसा फरक आढळला नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळ्याच पद्धतींत भोकाभोवतीचे आवरण कूर्चेपासून थोडे सुटलेले दिसले. म्हणजे पाळी सुबक टोचणारा अनुभवी हातही वरच्या कानाचा मूळ धोका काढून टाकू शकत नाही. त्याच्या हाती उरते ती स्वच्छता: बंद पाकिटातली एकदाच वापरायची सुई, निर्जंतुक दागिना, नवे हातमोजे आणि पुन्हा पुन्हा न भरलेली जंतुनाशकाची बाटली.

ओळखायचे कसे, याची खूण सोपी आहे. टोचल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडी लाली आणि दुखणे असतेच. पण ते कमी होण्याऐवजी वाढू लागले, वरचा कान लाल, गरम आणि सुजलेला दिसला, नुसता वाकवला तरी कळ येऊ लागली आणि पाळी मात्र नेहमीसारखीच राहिली, तर पेरिकाँड्रायटिस धरून चालावे. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती सुटते. कानाच्या घड्या बुजून तिथे मऊ फुगवटा आला, तर पू साठल्याचा संशय घ्यावा. भोक भरायला पाळीला साधारण दीड-दोन महिने लागतात, तर वरच्या कानाला कित्येक महिने, कधी वर्षभरही. त्यामुळे त्रास उशिराही सुरू होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये.

अशा वेळी हळद-तेल लावून वाट पाहणे परवडत नाही. फॅमिली डॉक्टरकडे गेल्यावर वरचा कान टोचला होता हे आपणहून सांगावे, आणि डॉक्टरांनीही पाळी पाहून औषध ठरवावे. पू असेल तर त्याचा नमुना तपासणीला पाठवावा. दागिना काढावा लागतो. पू साठला असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ चिरा देऊन तो काढतात, मेलेली कूर्चा खरवडतात आणि आवरण पुन्हा कूर्चेला चिकटावे म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून पट्टी बांधतात. पेण आणि रोह्यात उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि अलिबागला जिल्हा रुग्णालय. तज्ज्ञ त्या दिवशी कुठे भेटतील याची फोनवर चौकशी करून थेट तिथेच जावे. औषध सुरू करून 1-2 दिवसांत सूज उतरत नसेल, तर तीच गोळी आणखी आठवडाभर चालू ठेवणे हा सर्वांत महाग पडणारा निर्णय ठरतो.

बुगडी आणि भिकबाळी दाबून बसवण्याच्या प्रकारांतही मिळतात. सणापुरती हौस असेल तर तो पर्याय दुकानदाराने आधी दाखवावा. तरीही टोचायचेच असेल, तर पाळी सोडून वरचा कान सुजल्यास त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, एवढे एक वाक्य पावतीमागे छापून द्यावे.